‘वगळलेला’, ‘झाकलेला’ की ‘गहाळ’?

रेवती : एका जुन्या छपाईयंत्राच्या तपासणी अहवालाचा दोन पानी गोषवारा करते आहे. यंत्र घ्यायचं की नाही, ते त्यावरून ठरणार. अहवालात ३९ आणि ४० ही पानं नाहीत आणि दुरुस्तीखर्चाच्या तक्त्यात दोन ओळींवर काळे पट्टे मारले आहेत. मी लिहिलं, ‘अहवालातील काही भाग वगळलेला आहे.’ साहेबांनी विचारलं, ‘का वगळलास?’ मग कोणता शब्द वापरू?

भास्कर : साहेबांचं बरोबर आहे. गोषवाऱ्यात ‘वगळलेला’ म्हटलं की तो लिहिणाऱ्यानेच वगळला, असं वाटतं. काळ्या पट्ट्यांसाठी ‘झाकलेला’ म्हणा. मजकूर आहे, पण कुणीतरी तो दिसू दिलेला नाही, हे त्यातून कळतं. पानांसाठी मी ‘गहाळ’सुद्धा टाळेन, कारण ती हरवली की काढून घेतली हे तुम्हाला ठाऊक नाही. सरळ ‘मिळालेल्या प्रतीत नाहीत’ असं लिहा.

मिलिंद : अहो, आपल्याकडे अस्सल शब्द असताना हे कशाला? पोथीतल्या नको असलेल्या अक्षरांवर हरताळ फासत. ‘हरताळलेल्या ओळी’ म्हणा!

भास्कर : उगम बरोबर सांगितलात. पण हरताळ लावायचे ते चुकलेलं अक्षर घालवायला. इथला मजकूर चुकीचा नाही, राखून ठेवलेला आहे. शिवाय आज ‘नियमांना हरताळ फासला’ म्हणजे नियम धाब्यावर बसवले. गोषवारा वाचणाऱ्याला तो आरोपच वाटेल.

सुनंदा : आमच्या आजोबांच्या वहीची मधली पानं वाळवीने खाल्ली होती. नक्कल करताना मी तिथे ‘त्रुटित’ लिहिलं. तेच चालेल की!

भास्कर : वहीला अगदी योग्य. पण दप्तरी भाषेत त्रुटी म्हणजे उणीव, चूक. ‘त्रुटित अहवाल’ वाचून लोक तपासनिसालाच दोष देतील.

रेवती : पण पानं खरंच नाहीत, की क्रमांक टाकतानाच चूक झाली? शेवटच्या पानावर ६४ छापलंय, पीडीएफ ६२ पानांची आहे.

भास्कर : ३८वं पान कुठे संपतं? आणि अनुक्रमणिकेत काय आहे?

रेवती : ३८ संपतं ‘मुख्य रोलरच्या बेअरिंगमध्ये’ इथे, वाक्य अर्धवटच आहे. ४१ सुरू होतं ‘विद्युत जोडणी’ या नव्या मथळ्याने. अनुक्रमणिकेत ३९ समोर ‘बेअरिंग : निरीक्षणे’.

भास्कर : मग शंका नको. वाक्य ४१वर सलग पुढे गेलं असतं आणि अनुक्रमणिकेतही ३९-४०चं काही नसतं, तर क्रमांकाची चूक मानता आली असती. इथे दोन पानं नाहीत आणि ती कशाबद्दल होती तेही कळतं. म्हणून ‘बेअरिंगमध्ये दोष आढळला नाही’ असं चुकूनही लिहू नका. ‘बेअरिंगची निरीक्षणे मिळालेल्या प्रतीत नाहीत, त्यामुळे त्याबाबत काही सांगता येत नाही’ असं लिहा, आणि तेही शिफारशीच्या शेजारीच. तळटीप कोण वाचतो?

तन्वी : तक्त्याची बेरीज दिसते का? दिसत असेल तर झाकलेला आकडा काढता येईल.

रेवती : दिसते! एकूण ३,४०,०००. उघड्या चार ओळी मिळून २,१५,०००. म्हणजे झाकलेले १,२५,०००.

भास्कर : तो आकडा जरूर द्या, पण ‘आमच्या वजाबाकीनुसार’ म्हणून. दोन्ही ओळी मिळून तेवढे, इतकंच कळतं. कोणती ओळ किती, कशासाठी, हे नाही. एका ओळीत सूट म्हणून वजा रक्कमही असू शकते.

तन्वी : पट्ट्यावरून माउस ओढून कॉपी करून बघितलंस का? कधी कधी खालचा मजकूर तसाच असतो. २०१९च्या जानेवारीत ट्रम्प यांचा माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट याच्या वकिलांनी कोर्टात दिलेला कागद असाच उघडा पडला होता.

भास्कर : तसं निघालं तरी गोषवाऱ्यात घालू नका. पाठवणाऱ्याला कळवा.

मिलिंद : वा! पैसे आपले जाणार, आणि दिसलेलं न दिसल्यासारखं करायचं?

भास्कर : दिसलं तर साहेबांना तोंडी सांगा, कागदावर नको.

तन्वी : तोंडी सांगितलेल्यावर निर्णय झाला तर फाइलीत त्याचा आधार काय राहणार? मला हे पटत नाही.

रेवती : कॉपी करून पाहिलं, काहीच आलं नाही, त्यामुळे तो पेच सुटला. आता पहिल्याच परिच्छेदात असं लिहिलंय : ‘पाने ३९-४० (बेअरिंगची निरीक्षणे) मिळालेल्या प्रतीत नाहीत. खर्चाच्या तक्त्यातील दोन ओळी काळे पट्टे मारून झाकलेल्या आहेत. बेरजेवरून आम्ही काढलेली त्यांची एकत्रित रक्कम १,२५,०००.’ साहेबांनी विकणाऱ्याकडे ती दोन पानं मागितली आहेत.

सुनंदा : आणि ‘हे पान हेतुपुरस्सर कोरे ठेवले आहे’ असं छापलेलं असतं, त्या पानाला काय म्हणायचं?

भास्कर : कोरं पान.