सहा वर्षांचे हात आणि उकडीचे मोदक: तुमच्या घरी मुलांना काय काय करू देता?

सोनचाफा (ठाणे)

मुलगी जूनमध्ये सहाची झाली. यंदा गणपतीत "मोदक मीच करणार" असं तिने आत्ताच जाहीर केलंय. मागच्या वर्षी तिला मदतीला घेतलं आणि फसलो, ते आधी सांगते.

सारण शिजवून त्याच पातेल्यात ओट्यावर ठेवलं होतं. अर्ध्या तासाने वरून हात लावून पाहिलं, गार लागलं. तिला जमिनीवर बसवून पातेलं पुढ्यात दिलं, चमचा दिला. चमचा सोडून तिने बोट आत खुपसलं आणि किंचाळली. वरचा थर गार होता, मधलं सारण चांगलंच गरम होतं. त्यात गूळ. तो बोटाला असा चिकटला की झटकूनही निघेना. नळाखाली बोट धरून वीस मिनिटं उभ्या होतो, शेजारच्या काकू आरतीला बोलवायला येऊन परत गेल्या. तरी तुरीच्या डाळीएवढा फोड आलाच.

तर प्रश्न फक्त उकडीच्या मोदकांपुरता. साधारण सहा वर्षांच्या मुलाला तुम्ही नेमकं कोणतं काम देता आणि कोणत्या वेळी स्वयंपाकघराबाहेर काढता? करंज्या-चकल्यांचा धागा दिवाळीत काढू.

पाचपाखाडीची आजी

दोन नातवंडांना शिकवलंय, तिसरं रांगेत आहे. सोनचाफा, तुझी चूक सारणाच्या भांड्यात झाली. सारण शिजलं की लगेच मोठ्या परातीत बोटभर जाडीचं पसरायचं. पातेल्यात ते तासभरसुद्धा आतून धगधगतं. आणि गार झालंय का ते वरून बघायचं नाही. उलथन्याने मधलं सारण खालीवर करून, त्यातलं चिमूटभर आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. तिथे काहीच जाणवलं नाही तर पोराला द्यायचं.

उकडीचं दुखणं उलटं आहे. सारण गार हवं, पण उकड गार झाली की तडकते. ती गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळावी लागते. ते मळणं मोठ्यांनीच करायचं, तिथे पोराचा हात नको. पण मळून झाली की तिचे लिंबाएवढे गोळे करून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचे आणि एकेक बाहेर काढायचा. लिंबाएवढा गोळा दोन-तीन मिनिटांत हातात धरण्याजोगा होतो. सगळा गोळा निवेपर्यंत थांबलीस तर मोदक फुटलेच म्हणून समज.

आता कामं. सकाळी गॅस पेटायच्या आधी वेलदोडे सोलायला बसवायचं. दहा-बारा वेलदोडे, एक वाटी दाण्यांना, एक सालांना. सालं चहाच्या डब्यात जातात. नखांना चांगला व्यायाम होतो आणि अर्धा तास आपण मोकळे. फक्त आधी सांगून ठेवायचं, डोळे चोळायचे नाहीत, आणि उठल्यावर हात धुवायचे. मग हळदीची पानं धुऊन ओल्या फडक्याने पुसणं. ती लांब असतात, पुसताना देठाकडून टोकाकडे जायचं, नाहीतर शिरेवर फाटतात. हे पोरं फार मन लावून करतात.

ओट्याजवळ स्टुलावर उभं करू नये, एवढं माझं ठाम मत. पोराचं सगळं काम खाली, वर्तमानपत्रावर.

नेरूळचा बाबा

आमच्याकडे मी आणि मुलगा दोघं मिळून करतो, बायको गणपतीच्या सजावटीत. माझं मत असं की मोदकांत तळण नाही, म्हणून मुलांसाठी हाच सगळ्यात सुरक्षित पदार्थ. आम्ही तर मोदकपात्राचं झाकणसुद्धा त्यालाच उघडायला देतो, हातात जाड फडकं देऊन. वाफ बघायला त्याला फार आवडतं.

पाचपाखाडीची आजी

बाबा, तेल नाही हे खरं, पण वाफ आहे ना! झाकण उचललं की अडकलेली वाफ एकदम बाहेर येते आणि आपल्याकडच्या कडेने उचललं तर सरळ तोंडावर. मोठ्या माणसाचा निदान हात लांब असतो, पोराचं तोंड झाकणाच्याच उंचीला असतं. झाकण उघडायचं ते आपल्यापासून लांबची कड आधी उचलून, म्हणजे झाकण मध्ये ढालीसारखं येतं. आणि हे काम मोठ्यांचंच. त्या वेळी पोरगं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे हवं.

दुसरं, फडकं. उकडीवर झाकलेलं ओलं फडकं हाताशी असतं, घाईत तेच उचललं जातं. ओल्या फडक्यातून गरम झाकणाचा चटका लगेच बसतो. कोरडं फडकं वेगळ्या खुंटीला, वेगळ्या रंगाचं ठेव.

नेरूळचा बाबा

फडक्याचं पटलं. माझ्या स्वतःच्या अंगठ्याला असंच लागलं होतं आणि मी कारण शोधत होतो. झाकण या वर्षीपासून मी उघडेन. पण वाफ तो लांबून बघणारच.

खारघरवाली

धागा मस्त. माझी लेक अडीच वर्षांची आहे, तिला माव्याचे मोदक साच्यात दाबायला दिले तर चालेल का? शिवाय आमच्या सोसायटीतल्या एका दुकानातून गेल्या वर्षी तयार सारण आणलं तर ते आंबट निघालं, त्याचं काय करायचं?

सोनचाफा (ठाणे)

खारघरवाली, अडीच वर्षांचं गणित निराळं गं, सगळं तोंडात जातं त्या वयात. काजूचे तुकडे तर नकोच. आंबट सारण मात्र कुणाच्याच पोटात घालू नकोस, टाकून दे.

हातवळणी (डोंबिवली, माहेर ठाणे)

मी साच्याच्या विरोधात होते. पाकळ्या चिमटीने पाडल्याशिवाय मोदक कसला? पण सहा वर्षांच्या बोटांना एक पाकळी काढेपर्यंत उकड सुकते, कडा फाटतात आणि मूल रडकुंडीला येतं. मागच्या वर्षी हट्ट सोडला आणि भाच्याला साचा दिला. ते सविस्तर लिहिते, कारण साच्यातही चुकायला वाव आहे.

दोन वाट्या तांदळाची पिठी, दोन वाट्या पाणी, मीठ, चमचाभर तूप. एवढ्यात आमचे एकवीस झाले आणि थोडी उकड उरली. त्यातले सात भाच्याचे. आधी साच्याला बोटाने तूप, हे काम त्याचं. मग साचा बंद करून गोळा आत ढकलायचा आणि अंगठ्याने भिंतींना दाबत पोकळी करायची. त्याचा अंगठा बारीक, त्यामुळे टोकापर्यंत पोहोचत होता, माझा अडकतो. पहिल्या दोन मोदकांत त्याने सारण कोंबून भरलं. खालची बाजू बंदच होईना आणि वाफवताना गूळ पाझरून पान चिकट झालं. म्हणून पुढच्यांना चहाचा चमचा दिला आणि "एकच, सपाट" असा नियम केला. मग खाली उकडीची चपटी टिकली लावून बंद करायचं आणि साचा उघडायचा.

उघडताना मात्र मी हात लावला. तो दोन्ही बाजू एकदम ओढत होता, नाक साच्यातच राहायचं. आधी एक बाजू हलकेच सोडवायची.

त्याचे मोदक जाड होतात. माझे बारा मिनिटांत होतात, त्याचे मी पंधरा ठेवले. कच्चे आहेत का हे ओल्या बोटाने टेकून कळतं, बोटाला चिकटलं नाही तर झाले. (बोट माझं. त्याचं नाही.) आणि वाफवायच्या आधी प्रत्येक मोदक पाण्यात बुडवून काढायचा असतो, म्हणजे तडकत नाही. हे बुडवण्याचं काम भाच्याला इतकं आवडलं की तो माझेही बुडवत बसला. पाणी मात्र साधं, वाडग्यात.

मुंगी

आमच्याकडे चटक्यापेक्षा मोठा वाद उष्ट्याचा. बोटं चाटली की सासूबाई सगळं सारण बाजूला काढतात, नैवेद्याला चालत नाही म्हणून. पोराला तरी कसं कळणार, समोर गूळ-खोबरं आहे आणि खायचं नाही! आम्ही तोडगा काढला. सुरुवातीलाच वेगळी वाटी सारण त्याच्या नावाने काढायचं. नैवेद्याचे पाच आम्ही आधी करून बाजूला ठेवतो, मग तो बसतो. सासूबाई खूश नाहीत, पण ओरडतही नाहीत.

खवणीवाले काका (वाशी)

कुणी नारळाचं लिहिलं नाही. विळीवर पोराला बसवू नका हे सांगायला नको. पण ती हातळ फिरवायची, ओट्याला चिकटणारी खवणी असते ना, तीवर आम्ही नातीला हातळ फिरवायला द्यायचो आणि नारळाची वाटी मी धरायचो. छान चाललं होतं. पण ती मध्येच जोरात फिरवते आणि पात्यांजवळ माझी बोटं असतात. एकदा करंगळीला लागलं. थांबवलं ते. माझी बायको म्हणते, वाटी नीट धरली असती तर लागलं नसतं. असेल.

पाचपाखाडीची आजी

काका, वहिनींचं बरोबर नाही. एकाने फिरवायचं आणि दुसऱ्याने धरायचं, हेच चुकतं. दोन्ही एकाच माणसाने करावं. नातीला खोवलेल्या नारळातले करवंटीचे काळे कण वेचायला द्या.

नेरूळचा बाबा

पण कधीतरी गॅससमोर उभं राहायला शिकवावंच लागेल ना? मी सारण ढवळायला त्याला लांब दांड्याचा चमचा देतो, कडेवर घेऊन.

हातवळणी (डोंबिवली, माहेर ठाणे)

कडेवर घेऊन? एका हातात पोर आणि समोर उकळता गूळ? मला नाही पटत. सारण आटताना बुडबुडा फुटून उडतं, माझ्या हाताला डाग आहे. वर्ष-दोन वर्षांनी बघा.

नेरूळचा बाबा

मी घट्ट धरतो. बघू.

सोनचाफा (ठाणे)

यादी केली: वेलदोडे, पानं, काळे कण, साच्याला तूप, सपाट चमचा, पाण्यात बुडवणं. ढवळणं यंदा नाही. आजी, एकच राहिलं. मोदक बाहेर काढल्यावर लेक लगेच चावा मारते. किती वेळ थांबवू?

पाचपाखाडीची आजी

वरची पारी गार लागली तरी आतलं सारण गरमच असतं, तुझ्या पातेल्यासारखं. मोडून, तूप घालून दहा मिनिटं ताटात ठेव. आणि उरलेल्या उकडीच्या निवगऱ्यांची मिरची वाटायला तिला देऊ नकोस, मागून ती बोटं डोळ्याला लागतात. जिरं मोजून टाकू दे हवं तर.