कर्ज नाकारलं, उत्पन्नाचे कागद दुरुस्त करून परत विचारलं: तुमचं काय झालं?

माझंच आधी सांगतो. इचलकरंजीत मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. घरासाठी बारा लाख मागितले होते, पंधरा वर्षांसाठी. ऑक्टोबर २०२४ मध्ये बँकेचं पत्र आलं: 'उत्पन्न अपुरे'. एवढंच.

रिटर्न काढून बघितलं. वर्षाची उलाढाल १६,८०,०००, जवळपास सगळी यूपीआयवर. करसल्लागारांनी ४४एडी खाली सरळ सहा टक्के नफा टाकलेला, म्हणजे १,००,८००. महिन्याला ८,४००! बँक त्यातला निम्मा हप्त्यांसाठी धरते, म्हणजे ४,२००. त्यातून गाडीचा हप्ता २,८०० गेला की उरले चौदाशे. आणि बारा लाखांचा हप्ता नऊ टक्क्यांनी बारा हजारांच्या वर. नाकारणारच की.

खरा नफा होता ५,४०,०००. गंमत म्हणजे तो दाखवूनही त्या वर्षी नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्यच आला. नोव्हेंबरमध्ये सुधारित रिटर्न भरलं आणि बँकेला उत्तर दिलं. पुढचं नंतर सांगतो, आधी तुमचे अनुभव येऊ देत.

गृहिणी_मिरज: आमचंही नाकारलं होतं, पण जुनं क्रेडिट कार्ड 'सेटल' केल्याची नोंद होती म्हणून. ती कशी काढायची, कुणी सांगेल का?

पासबुक: ताई, तो वेगळा विषय, उत्पन्नाच्या कागदांनी ती नोंद हलत नाही. मूळ प्रश्नाबद्दल म्हणाल तर सरळ लोकपालाकडे तक्रार करा, कर्ज द्यावंच लागतं त्यांना.

माजी_कर्जविभाग: द्यावं लागत नाही. नाकारण्याची मुख्य कारणं लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे, तेवढं हक्कानं मागा. कर्ज द्यायचं की नाही हा तिचा व्यावसायिक निर्णय, लोकपाल त्यात पडत नाही.

तीस वर्षं अशी पत्रं वाचली. निम्म्या पत्रांत 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' आणि घरची अडचण. कर्ज अधिकाऱ्याला त्याचा उपयोग नसतो. त्याला वरच्या अधिकाऱ्याकडे टिपण पाठवायचं असतं, तुमच्या पत्रातली वाक्यं त्यात उचलता आली पाहिजेत. आणि नाकारल्यावर भरलेलं सुधारित रिटर्न बघून पहिला संशय हाच येतो की कर्जासाठी आकडा फुगवलाय. म्हणून रिटर्नच्या तारखेआधीचा पुरावा जोडायचा: बारा महिन्यांचा खातेउतारा, मालाची बिलं, दुकानभाड्याच्या पावत्या. नफा त्यातून निघाला पाहिजे.

एक बोचरं सांगू? सहा टक्के हा किमान आकडा आहे. कमाई जास्त असेल तर जास्तच दाखवायची असते. 'चुकून' लिहू नका, 'कमी दाखवले गेले होते, आता दुरुस्त केले आहे' असं लिहा.

धागाकर्ता: बोचलं, पण खरं आहे. मी लिहिलं ते असं:

'आपल्या पत्रात उत्पन्न अपुरे असल्याचे कळवले आहे. मूळ विवरणपत्रात नफा किमान दराने दाखवला होता. प्रत्यक्ष नफा ५,४०,००० असून सुधारित विवरणपत्र मुदतीत भरले आहे. त्याची पोच, उत्पन्नाचा हिशेब व खातेउतारा जोडला आहे. पूर्वीच्या अर्ज क्रमांकावरच फेरविचार व्हावा.'

शेवटचं वाक्य शाखेतल्या मॅडमनीच सुचवलं. नवा अर्ज टाकला की क्रेडिट रिपोर्ट परत काढतात आणि आणखी एक चौकशी नोंदली जाते.

नर्सबाई: माझं नोकरीचं. फॉर्म १६ बरोबर, पण २६एएस मध्ये शेवटच्या तिमाहीचा टीडीएसच नाही. हॉस्पिटलनं माझा पॅन एका अक्षरानं चुकवलेला. मी रिटर्न सुधारत बसले, त्यानं काही होईना. दुरुस्ती त्यांच्या टीडीएस विवरणात करायची होती. अकाउंट्समध्ये पाच चकरा मारल्या. २६एएस मध्ये रक्कम दिसल्यावर नुसता तो कागद आणि चार ओळी दिल्या, कर्ज झालं.

पासबुक: धागाकर्ते, मागच्या वर्षीचं रिटर्न पण आयटीआर-यू भरून वाढवा की.

माजी_कर्जविभाग: मुदत संपल्यावरचा तो रस्ता आहे खरा, पण वाढीव कर आणि व्याजावर वर्षभराच्या आत निदान पंचवीस टक्के जादा जातात. वर दोन्ही वर्षांची रिटर्नं एकाच महिन्यातली दिसली की अधिकारी आणखी बिचकतो. काही बँका ते धरतात, काही नाही. आधी विचारा.

धागाकर्ता: मी नाही भरलं, आणि तिथंच अडलं. बँकेनं दोन वर्षांची सरासरी धरली. आधीच्या वर्षी एक लाखच दाखवलेले, म्हणून सरासरी ३,२०,०००. जानेवारीत मंजुरी आली, बाराऐवजी दहा लाखांची. आता बायकोला सहकर्जदार घ्यायचं चाललंय. ती शिवणकाम करते, रिटर्न कधी भरलेलं नाही. तिचं उत्पन्न खातेउताऱ्यावर धरतात का, कुणाला अनुभव आहे?