शिफारसपत्रात ‘लाजाळू’ लिहावं का?

मेधा: माझ्या वर्गातल्या एका मुलीसाठी शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत स्वभावाविषयी पत्र लिहायचं आहे. कच्चं वाक्य असं झालं: ‘ती लाजाळू आणि अंतर्मुख आहे, पण हुशार आहे.’ वाचताना मलाच खटकतंय. वर्गात ती हात वर करत नाही. शेजारच्या मुलीला मात्र गणित इतकं छान समजावते की मी ऐकत उभी राहते. शब्द कोणता वापरू?

विनायक: ‘लाजाळू’ काढा, ‘अंतर्मुख’ राहू द्या. तो मानसशास्त्रातला शब्द आहे, त्यात कमीपणा नाही.

शरद देव: कमीपणा नाही हे खरं, पण मराठीत हा शब्द मानसशास्त्रातून आलेला नाही, तो आधीपासून होता. मन आत वळवून स्वतःला तपासणं, हा त्याचा जुना अर्थ. ‘त्या प्रसंगाने तो अंतर्मुख झाला’ असं आपण म्हणतो ते याच अर्थाने, आणि बडबड्या माणसाबद्दलही म्हणतो. माणसांच्या स्वभावाचा प्रकार हा अर्थ मानसशास्त्रज्ञ युंगच्या १९२१च्या ग्रंथानंतर रूढ झालेल्या कल्पनेसाठी जोडला गेला. त्यामुळे एक वाचणारा ‘चिंतनशील’ समजेल, दुसरा ‘एकटी राहणारी’. शिवाय ती एकटी रमते का, हे शिक्षिकेला वर्गात बसून कळतंच असं नाही. वर्गात दिसतं ते एवढंच, की ती कमी बोलते.

सुनंदा: माझा मुलगाही असाच आहे. पाहुणे आले की आतल्या खोलीत जातो. त्याचा बुजरेपणा कसा घालवावा?

शरद देव: सुनंदाताई, इथे प्रश्न घालवण्याचा नाही, नाव देण्याचा आहे. पण तुम्ही शब्द नेमका वापरलात. जनावर बुजतं तसं नवख्या माणसाला पाहून बुजणं, म्हणून बुजरा. ओळख झाली की बुजरेपणा ओसरतो. मेधाताई, ही मुलगी तुम्हाला तीन वर्षं ओळखते. अजूनही हात वर करत नसेल तर ‘बुजरी’ बसत नाही.

मेधा: दोन वर्षं. आणि मला मुळीच बुजत नाही, मधल्या सुट्टीत स्वतःहून येऊन बोलते. एक आणखी सांगते. गटाच्या प्रकल्पाची वही जवळपास तिनेच लिहिली. सादर दुसरीने केला, कौतुक तिचं झालं, ही काही बोलली नाही. ‘मुखदुर्बळ’ म्हणू का?

शरद देव: नको. मुखदुर्बळ म्हणजे बोलायची वेळ आली की ज्याचे शब्द तोंडातच राहतात तो. ही तर गणित समजावते. वहीच्या प्रसंगात मला भीड दिसते. मैत्रिणीला वाईट वाटेल म्हणून गप्प बसली असेल, तर ‘भिडस्त’. एक विचारून बघा: कोणी वही मागितली, तिला स्वतःला हवी असली, तरी ती देते का?

मेधा: देते! परीक्षेच्या आदल्या दिवशीही दिली होती.

शरद देव: मग भिडस्तच. नवख्याची भीड हळूहळू चेपते, पण ओळखीच्या माणसाची भीड पडते ती वेगळीच. भिडेखातर हो म्हणणारा माणूस अनोळखी लोकांत धीटही असू शकतो.

रोहिणी: शब्द नेमका असेल, पण मी पत्रात लिहिणार नाही. निवड करणारे ‘भिडस्त’ वाचून म्हणतील, हिला कोणीही गुंडाळेल. मुलगा असता तर ‘लाजाळू’ दोष वाटला असता, मुलगी म्हणून गुण वाटतो, हेही मला पटत नाही. ‘मितभाषी’ लिहा. त्यात मोजकं बोलणं ही निवड वाटते, भीती नाही.

विनायक: ‘अबोल’ही चालेल ना?

रोहिणी: अबोल म्हणजे जवळजवळ बोलतच नाही. आणि रुसलेल्या माणसाचा ‘अबोला’ आठवतो. ‘घुमी’ तर नकोच, त्यात मनात काहीतरी दडवल्याचा संशय आहे.

शरद देव: आणि ‘पण’ काढा. ‘लाजाळू पण हुशार’ म्हटलं की लाजणं हा हुशारीतला अडथळा ठरतो. ‘हुशार पण लाजाळू’ त्याहून वाईट, कारण शेवटचा शब्द मनात राहतो.

मेधा: असं लिहिलं: ‘ती मितभाषी आहे. वर्गासमोर क्वचित बोलते, मात्र शेजारी बसलेल्या मुलीला अवघड गणित तिच्या गतीने, न कंटाळता समजावते. गटाच्या प्रकल्पाचं बहुतेक लेखन तिने केलं.’

सुनंदा: हे वाचून मुलगी डोळ्यांसमोर आली.

शरद देव: ‘मात्र’ म्हणजे ‘पण’च की. तिथे पूर्णविराम द्या. आणि वही देण्याचं लिहिणार का? तो तिचा मोठेपणाही आहे.

रोहिणी: मोठेपणा, की नाही म्हणता न येणं? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

मेधा: त्यावरच अडले आहे. उद्या तिला विचारते, वही का दिलीस.