मदत हवी आहे: बाबांना म्हशीचं दूध बाधतंय, शेळीचं सुरू करू का?

गोदाकाठची_लेक
आम्ही पंचवटीत राहतो. बाबा ७१ वर्षांचे. घरी म्हशीच्या दुधाचा रतीब आहे. रात्री जेवणानंतर तासाभराने पेलाभर दूध घ्यायची त्यांची जुनी सवय. पण गेले दोन-अडीच महिने दूध प्यायले की तासाभरात पोट गुडगुडतं, फुगतं आणि पहाटे पातळ होतं. दिवसातल्या दोन चहांनी काही होत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, शेळीचं द्या, हलकं असतं. पेठ रोडला एक जण देतो, पण भाव म्हशीच्या दुप्पट. खरंच फरक पडेल, की गाईचं लावू?

मनमाडचा_पाहुणा
डोळे झाकून शेळीचं द्या. त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नसतेच आणि फॅटचे कण बारीक असतात. माझ्या मेहुण्याला डेंग्यूत दिलं होतं, प्लेटलेट भराभर वाढल्या.

सिन्नरकर
पाहुणे, कण बारीक असतात हे बरोबर. त्यामुळेच शेळीच्या दुधावर साय नीट धरत नाही. पोटात त्याचं दहीही मऊ, भुसभुशीत होतं. पण लॅक्टोज नसतं हे साफ चूक. गाय, म्हैस, शेळी, तिघींच्या दुधात ते साधारण चार ते पाच टक्के असतंच. आणि डेंग्यूत प्लेटलेट ताप उतरल्यावर आपसूकही वाढतात, श्रेय शेळीला जातं.

मी दूध संकलनावर १४ वर्षं काढली. म्हशीला साडेसहा-सात फॅट लागते, संकरित गाईला साडेतीनच्या आसपास, गीरला थोडी जास्त. आपल्याकडच्या संगमनेरी शेळीचं दूध फॅटमध्ये गाईच्या जवळपास. प्रोटीन म्हशीचं चारच्या पुढे, बाकी दोघींचं सव्वातीन-साडेतीन. म्हणजे म्हशीचं दूध जड ते फॅटमुळे.

ताई, आधी बाबांना फॅट बाधतंय की लॅक्टोज, ते बघा. फॅट बाधलं तर पोट दगडासारखं जड राहतं, आंबट ढेकर येतात. गुडगुड, गॅस आणि पातळ होणं हे लॅक्टोजकडे बोट दाखवतं. घरच्या घरी बघायचं तर तीन दिवस रात्रीचं दूध बंद. मग तेच म्हशीचं दूध तापवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी जाड साय पूर्ण काढा, आणि तेवढाच पेला, त्याच वेळी द्या. फॅट बरीच कमी झाली, लॅक्टोज तेवढंच राहिलं. तरीही गुडगुडलं तर गाय बदला, शेळी बदला, उपयोग नाही. चहात दूध घोटभरच असतं, म्हणून तो चालतो.

सातपूरची_मावशी
माझ्या नातवाला, सात महिन्यांचा आहे, शेळीचं सुरू करणार होते. या हिशोबाने चालेल ना?

सिन्नरकर
मावशी, हा हिशोब म्हाताऱ्या माणसाच्या पोटाचा आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला शेळीचं दूध मुख्य दूध म्हणून नको. त्यात फोलेट फार कमी असतं, रक्त कमी होतं. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांनाही बहुतेक वेळा शेळीचं बाधतं. डॉक्टरांना विचारूनच काय ते करा.

चुलीवरची_कॉफी
चवीचं कोणी बोललंच नाही! शेळीचं दूध शिळं झालं की उग्र वास मारतं. बोकड शेळ्यांतच बांधला असेल तर विचारूच नका. आमच्याकडे एकदा त्याचा चहा केला, उकळताना फाटला. ताजं काढून लगेच थंड केलेलं मात्र गोडसर लागतं, म्हणजे मला तरी.

गोदाकाठची_लेक
सिन्नरकरदादा, करून पाहिलं. तीन दिवस दूध बंद, पोट शांत. चौथ्या रात्री साय काढलेलं म्हशीचं दूध दिलं. साधारण पन्नास मिनिटांत गुडगुड सुरू, पहाटे दोनदा जावं लागलं. मग दोन दिवस थांबून दुपारच्या जेवणात त्याच दुधाचं वाटीभर आंबटसर दही दिलं. काहीच झालं नाही. म्हणजे लॅक्टोजच ना?

सिन्नरकर
बहुधा तेच. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग खाऊन टाकतात, म्हणून दही सहसा पचतं. दूध हवंच असेल तर अर्धा पेला, तेही रिकाम्या पोटी नाही, जेवतानाच. दुकानात लॅक्टोज-फ्री दूधही मिळतं, चवीला जरा गोड लागतं. पण इतकी वर्षं पचलं आणि दोन महिन्यांत अचानक बिघडलं, हे मला खटकतं. मध्ये जुलाब, अँटिबायोटिक वगैरे झालं होतं का? वजन उतरलं असेल किंवा शौचातून रक्त दिसलं तर दुधाचं सोडा, डॉक्टरांकडे जा.

गोदाकाठची_लेक
हो, सुट्टीत गावाहून आल्यावर पाच दिवस जुलाब झाले होते, गोळ्याही घेतल्या. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वजन तेवढंच आहे. सोमवारी दाखवते.

मनमाडचा_पाहुणा
तरी एकदा शेळीचं देऊन बघाच. मेहुण्याला गाईचं पचत नव्हतं, शेळीचं पचलं.

सिन्नरकर
पेला तेवढाच होता का, पाहुणे?

मनमाडचा_पाहुणा
नाही… महाग म्हणून अर्धा कप देत होतो.