प्रतिसाद: एकाच माणसाचे पन्नास उच्चार का पुरत नाहीत

«‘त’ आणि ‘थ’मधला फरक मोजायला स्वतःच्याच आवाजात ‘ताप’ आणि ‘थाप’ पन्नास-पन्नास वेळा रेकॉर्ड केलं तर भरपूर डेटा होतो की! दहा माणसं कशाला गोळा करायची?»

पन्नास उच्चार झाले तरी माणूस एकच. त्यातून कळतं ते एवढंच की तुमची जीभ दर वेळी किती इकडेतिकडे होते. नाशिकच्या पंचवटीतला आणि सिडकोतला माणूस ‘थ’ कसा म्हणतो, हे त्यात कुठून येणार? म्हणून पाच आवर्तनं आणि दहा वक्ते हे पन्नास आवर्तनं आणि एका वक्त्यापेक्षा केव्हाही बरं.

शब्द कोणत्या क्रमाने वाचायला द्यायचे याबद्दल मात्र इथे कुणी बोललं नाही, आणि मी नेमका तिथेच आपटलो. ओळखीच्यांना आधी सगळे ‘ताप’, मग सगळे ‘थाप’ वाचायला दिले. ‘त’ किंवा ‘थ’ स्फुटल्यापासून स्वर सुरू होईपर्यंतचा वेळ Praat या ध्वनी मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजला, तर ‘थ’चा वेळ अपेक्षेपेक्षा कमी. कारण साधं होतं: यादीच्या शेवटाकडे लोक कंटाळून भरभर वाचतात, आणि वेग वाढला की महाप्राणाचा श्वास आधी आखडतो. फरक ध्वनीचा की घाईचा, हे त्या रेकॉर्डिंगमधून सोडवताच येईना. नंतर प्रत्येकासाठी यादी वेगळी पिसली (एकदाच पिसून सगळ्यांना तीच दिली तर तोच घोळ), शब्द ‘मी ___ म्हणालो’मध्ये बसवले, मध्ये इतर शब्द पेरले. नाहीतर जोडी लक्षात येते आणि मंडळी ‘थ’ मुद्दाम ठासून म्हणतात. सुरुवातीचे नि शेवटचे दोन-तीन शब्द मोजायचेच नाहीत.