मदत हवी आहे: बातम्यांच्या जुन्या व्हिडिओंना नावं, गावं, वस्तूंचे टॅग लावतेय, पण 'पुण्यात' आणि 'पुण्याला' वेगळे टॅग होतायत

टेपवाली
नमस्कार मंडळी. मी एका मराठी न्यूज चॅनेलच्या लायब्ररीत काम करते. २००५ ते २०१५ ची बुलेटिन्स डिजिटाइझ होऊन सर्व्हरवर आलीत पण शोधायला काहीच नाही, फाइलचं नाव आणि टेप नंबर एवढंच. डेस्कवरून फोन येतो की मॅगीवर बंदी आली तेव्हाचं फुटेज द्या नाहीतर अमक्या नेत्याचा साताऱ्यातला बाइट द्या, आणि मग आम्ही दोघंजणं फास्ट फॉरवर्ड करत बसतो.

म्हणून मी असं केलं की व्हिस्परने ट्रान्स्क्रिप्ट काढल्या (language="mr" दिलंय, नाहीतर मधेच हिंदी होत होतं), आणि त्यावर `ai4bharat/IndicNER` चालवलं. नावं सापडतायत, अगदीच वाईट नाही. पण टॅगची यादी बघून रडायला येतं. पुणे, पुण्यात, पुण्याच्या, पुण्याहून असे चार वेगळे टॅग, चव्हाण, चव्हाणांनी, चव्हाणांच्या वेगळे, पोलीस ठाण्यातलं 'ठाण्यात' हे गाव म्हणून आलंय, आणि काही नावं तर अर्धीच येतात, 'पृथ्वी' वेगळं आणि 'राज' वेगळं. अर्ध्या तासाच्या बुलेटिनमध्ये सुरुवातीची नावं मिळतात आणि पुढे काहीच नाही असंही होतंय. वस्तूंचे टॅग तर शून्य. कुठे चुकतंय?

कोल्हापुरी_गडी
अगं सोपं आहे, प्रत्यय काढून टाक की. त, ला, चा, ची, चे, च्या, हून, ने, नी यांची यादी करायची आणि शब्दाच्या शेवटी जे असेल ते कापायचं. मी गावांच्या यादीसाठी केलं होतं, दहा ओळींचा कोड आहे.

टेपवाली
केलं हो तेपण. 'भारत' चं 'भार' झालं, 'सुरत' चं 'सुर', आणि 'शिमला' चं 'शिम'. 'पुण्यात' चं 'पुण्या' झालं, तेही पुणे नाहीच.

वसंतकाका
सबटायटल द्यायची असतील तर आधी वाक्यं लहान करा, दोन ओळींच्या वर जाऊ नका, वाचकाला वेळ मिळत नाही.

टेपवाली
काका सबटायटल नकोयत, शोधता यावं म्हणून टॅग हवेत. कुठल्या मिनिटाला कोणाचं नाव आलं ते.

सह्यकडा
तुझे तीन वेगळे प्रॉब्लेम एकत्र झालेत, एकेक घेऊ.

अर्धी नावं आधी. मॉडेल शब्दाचे तुकडे करून वाचतं आणि पाइपलाइनमध्ये `aggregation_strategy="simple"` असेल तर तुकड्यांना वेगवेगळी लेबलं मिळाली की नावही तुटतं. `"first"` कर, म्हणजे पहिल्या तुकड्याचं लेबल अख्ख्या शब्दाला लागेल. आणि आउटपुटमधला `word` वापरू नकोस, `start` आणि `end` घेऊन मूळ मजकुरातून शब्द काप. काही uncased टोकनायझर देवनागरीतल्या काही मात्रा आणि अनुस्वार उडवतात, `word` मध्ये ते तसंच मोडकं येतं.

पुढची नावं गायब होणं म्हणजे बहुतेक तू अख्खं बुलेटिन एकदम देतेयस. मॉडेल एका वेळी ५१२ तुकडे घेतं, उरलेलं न सांगता कापलं जातं, एरर येत नाही म्हणून कळत नाही. व्हिस्परचे सेगमेंट असतात ना, दोनतीन एकत्र करून दे, थोडा मजकूर दोन्हीकडे सामाईक ठेव. टाइमकोडही सेगमेंटबरोबर आपोआप मिळतो.

आता मुख्य गोष्ट, सामान्यरूप. कोल्हापुरी म्हणतोय ते अर्धं बरोबर आहे, प्रत्यय सुटायला हवा, पण कापून उलटं जाता येत नाही. 'पुण्या' वरून पुणे, 'वर्ध्या' वरून वर्धा, 'धुळ्या' वरून धुळे, 'जालन्या' वरून जालना. शेवटी 'े' की 'ा' हे शब्द बघून कळत नाही, गाव माहीत असावं लागतं. म्हणून उलट दिशेने जा. ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके ही यादी छोटी आहे, प्रत्येकाचं सामान्यरूप एकदा हाताने लिही आणि सगळी रूपं पुढे तयार कर. मग शोधणं म्हणजे फक्त यादीत बघणं.

```python
from collections import defaultdict
rupe = defaultdict(set)
yadi = [("पुणे", "पुण्या"), ("सातारा", "साताऱ्या"),
        ("अकोला", "अकोल्या"), ("अकोले", "अकोल्या")]
for mool, samanya in yadi:
    rupe[mool].add(mool)
    for p in ["त", "ला", "हून", "तून", "चा", "ची", "चे", "च्या", "तल्या"]:
        rupe[samanya + p].add(mool)
```

अकोला आणि अकोले मुद्दाम टाकलंय. एक विदर्भातलं आणि एक नगरकडचं, पण 'अकोल्यात' दोघांचंही तेच. म्हणून एकच उत्तर न ठेवता set ठेवलाय. जिथे दोन गावं निघतील तिथे त्याच बातमीत मूर्तिजापूर किंवा बाळापूर आलंय की संगमनेर, भंडारदरा, ते बघायचं, आणि तरी कळलं नाही तर माणसाने ऐकायचं. मशीनला अंदाज लावू देऊ नकोस.

भारत, शिमला कापले जाणार नाहीत कारण काहीच कापत नाहीयोत. 'ठाण्यात' च्या आधी 'पोलीस' किंवा गावाचं नाव (नौपाडा ठाण्यात वगैरे) असेल तर गाव म्हणून घ्यायचं नाही, एवढा एक नियम हाताने लिही.

टेपवाली
हे केलं, खूप फरक पडला, मनापासून आभार! पुणे एकच झालं. पण साताऱ्यात अजून दोन आहेत, डोळ्याला अगदी सारखे दिसतात, कॉपी करून सर्च केलं की एकच सापडतो.

सह्यकडा
'ऱ्या' चे दोन टंक आहेत. एक `ऱ्य` आणि दुसरा `र` + हलंत + न दिसणारं ZWJ (U+200D) + `य`. NFC केलंस तरी दुसरा जात नाही.

```python
import unicodedata
t = unicodedata.normalize("NFC", t).replace("र्\u200dय", "ऱ्य")
```

हे ट्रान्स्क्रिप्टवर आणि तुझ्या यादीवर, दोन्हीकडे चालव. साताऱ्यात, भंडाऱ्यात सगळे सरळ होतील.

बेळगावची_माई
आमच्याकडे एका संस्थेच्या मुलाखतींचं हेच काम चाललंय, आणि आमची अडचण अशी की बोलणारे निम्मे कानडी शब्द मधे घालतात, तिथे ट्रान्स्क्रिप्टच भलतीच येते. त्यावर काही उपाय आहे का कोणाकडे? आणि माणसांच्या नावांचं काय करता तुम्ही, आमच्याकडे एका गावात पाटील पन्नास.

टेपवाली
माई तोच माझा पुढचा प्रश्न. 'मुख्यमंत्री चव्हाण' असं आलं तर टॅग कोणाचा लावू? २०१० च्या टेपा आहेत माझ्याकडे.

सह्यकडा
हे मॉडेलचं काम नाही, तारखेचं काम आहे. मॉडेल फक्त 'हे माणसाचं नाव' एवढंच सांगतं, कोण ते नाही. महाराष्ट्राला चार चव्हाण मुख्यमंत्री मिळाले, यशवंतराव, शंकरराव, अशोक आणि पृथ्वीराज. तुझ्या २०१० मध्ये शेवटचे दोन येतात. पृथ्वीराज चव्हाणांचा शपथविधी ११ नोव्हेंबर २०१० ला झाला, त्याआधी डिसेंबर २००८ पासून अशोक चव्हाण होते. म्हणजे पद, आडनाव आणि बातमीची तारीख या तिन्हींचं एक टेबल कर, पद कुणाकडे कधीपासून कधीपर्यंत. तसंच 'मुख्यमंत्री शिंदे' २००४ च्या टेपेत सुशीलकुमार शिंदे आणि २०२३ च्या बातमीत एकनाथ शिंदे.

पद ओळखायला पुण्याच्या L3Cube गटाचा MahaNER डेटा बघ, त्यात पदासाठी वेगळं लेबल आहे, IndicNER मध्ये फक्त माणूस, ठिकाण, संस्था आहेत. आणि एकाच बातमीत अँकरने आधी पूर्ण नाव घेतलं असेल तर पुढचं नुसतं 'चव्हाणांनी' त्यालाच जोड, पण बातमी बदलली की ही जोडणी तोडायची, नाहीतर पुढच्या बातमीतला गावचा सरपंच चव्हाणही मुख्यमंत्री होईल.

वसंतकाका
आता कळलं मला काय हवंय ते. मी एका दैनिकाच्या कात्रण विभागात होतो, तिथे आम्ही एका माणसाचं एकच मुख्य कार्ड ठेवायचो आणि बाकी सगळ्या नावांच्या कार्डावर 'पाहा' लिहून मुख्य कार्डाकडे पाठवायचो. औरंगाबादच्या कात्रणांचं कार्ड आज असतं तर छत्रपती संभाजीनगरकडे 'पाहा' झालं असतं. कात्रणात काय छापलंय ते मात्र आम्ही कधी बदललं नाही. एक सांगतो, तारीख कुठली घेता ते नीट बघा. आमच्याकडे कात्रणावर चिकटवल्याची तारीख टाकणारे लोक होते, छापल्याची नाही.

टेपवाली
काका तुम्ही नेमकं दाखवलंत!! माझ्या फाइलींवरची तारीख डिजिटाइझ केल्याची आहे, सगळ्या गेल्या वर्षीच्या. आत्ता ११ नोव्हेंबरच्या जवळच्या सहा टेपा काढून रनडाउनशी ताडून बघितल्या, आणि त्यातल्या एकात अँकर 'मुख्यमंत्री चव्हाण' म्हणते तेव्हा राजीनाम्याची बातमी चाललीय, म्हणजे अशोक चव्हाण, आणि माझ्या टेबलने मात्र फाइलची तारीख घेऊन काहीच दिलं नव्हतं. आता रनडाउनच्या कागदांवरून प्रसारणाची तारीख टाकायला घेतलीय, वेळ लागेल पण ते केल्याशिवाय पुढे काही खरं नाही. गावांचं पण तसंच करते, मूळ उच्चार वेगळ्या कॉलममध्ये आणि आजचं नाव वेगळ्या.

वस्तूंचं राहिलं अजून.

कोल्हापुरी_गडी
वस्तूंची यादी कर आणि शोध, तिथे सामान्यरूपाचा त्रास कमी. नॅनोच्या, मॅगीवर, एवढंच.

टेपवाली
यादी केली, पण 'चेतक' घातलं तर बजाजची स्कूटरही येते आणि हेलिकॉप्टरही. ते आजूबाजूचे शब्द बघून सुटेल. खरी पंचाईत वेगळीच आहे. २०१५ च्या जूनमधली एक बातमी मी स्वतः ऐकली, 'मॅगीच्या पाकिटांवर' असं स्पष्ट म्हटलंय आणि ट्रान्स्क्रिप्टमध्ये 'मागच्या पाकिटांवर' आलंय. शब्दच नाही तर यादी काय शोधणार.

सह्यकडा
व्हिस्परला `initial_prompt` मध्ये त्या काळातल्या वस्तूंची नावं देऊन बघ. पण ते थेट पहिल्या ३० सेकंदांच्या खिडकीलाच लागतं, पुढे असर विरत जातो, आणि जागा २२४ टोकनचीच आहे, देवनागरीत त्यात फार थोडे शब्द मावतात. म्हणून बातमी वेगळी कापून प्रत्येकीला तिच्या विषयाची पाचसात नावंच दे. आणि कधीकधी न उच्चारलेलं नावही तो घालून टाकतो, त्यामुळे प्रॉम्प्टने आलेला प्रत्येक टॅग 'न तपासलेला' म्हणून वेगळा ठेव.

टेपवाली
बातमीचा विषय रनडाउनच्या स्लगमध्ये असतो, 'मॅगी बॅन' असं लिहिलेलं. तो स्लग प्रॉम्प्टला देता येईल. पण २००९ च्या आधीचे रनडाउन आमच्याकडे नाहीतच, त्या टेपांचं काय करू ते अजून समजत नाहीये. अ‍ॅस्टनवर नावं असतात पडद्याच्या खाली, ती वाचून घेता येतील का? मराठी अ‍ॅस्टनवर कोणी ओसीआर चालवलंय का, जुन्या बीटाकॅमच्या टेपेवर, जिथे अक्षरं फुटलेली असतात?

बेळगावची_माई
आम्ही चालवलंय, नव्या व्हिडिओंवर बरं येतं, जुन्यांवर जोडाक्षरं जातात. चार फ्रेम घेऊन ज्या अक्षराला जास्त मतं तेच ठेवायचं असं करून थोडं सुधारलं. नमुना पाठवलास तर आमच्याकडे चालवून बघते.

टेपवाली
माई, आमच्याकडून परवानगी मिळाली की उद्या दोन मिनिटांची क्लिप व्यनिने पाठवते, २००६ ची आहे.