‘बुबुळ गढूळ’ म्हणजे नेमके काय गढूळ?

अनघा, सांगली
मी नेत्रतपासणीच्या अभ्यासक्रमाला आहे. लाल डोळ्यावरील व्याख्यानांची माझी टिपणे आजारागणिक स्वतंत्र लिहिलेली असल्यामुळे दोन आजारांतला फरक पाहायचा झाला की सारखी पाने उलटावी लागतात. म्हणून आडव्या ओळींत आजार आणि उभ्या रकान्यांत कारण, चिन्हे, वेदना व उपचार असा तक्ता करीत आहे. वर्गातल्या अनेक जणी मराठी माध्यमातल्या असल्याने तो मराठीत हवा आहे. आयरायटिसच्या, म्हणजे आयरिसच्या सुजेच्या ओळीत मी ‘बुबुळ गढूळ’ असे लिहिले आणि अचानक उद्भवणाऱ्या तीव्र काचबिंदूच्या ओळीतही तेच लिहिले. मैत्रिणीने लगेच विचारले, की दोन्ही ओळी सारख्याच असतील तर तक्ता कशाला? मूळ टिपणात एका ठिकाणी आयरिस, म्हणजे आतला रंगीत पडदा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी कॉर्निया, म्हणजे त्यापुढचा पारदर्शक भाग. माझ्या घरी मात्र दोन्हींना बुबुळच म्हणतात. कोणता शब्द कशासाठी राखावा?

शब्दसेवक, वाई
कॉर्नियाला पारपटल आणि आयरिसला परितारिका हे शब्द सिद्ध असताना बुबुळाच्या मागे लागण्याचे कारण मला समजत नाही. लोक चुकीचे बोलतात म्हणून शिकणाऱ्यानेही तसेच लिहावे, हा युक्तिवाद मला मान्य नाही. ‘बुबुळ’ हा शब्द ‘बुद्बुद’ म्हणजे बुडबुड्यावरून आला असावा, असे माझे मत आहे. म्हणजेच मुळात तो वरच्या फुगीर, पारदर्शक भागाचा.

तासगावकर
शाळेत आम्हाला बुबुळ म्हणजे मधल्या छिद्राभोवतीचा रंगीत पडदा असेच शिकवले होते. नेत्रदानाच्या फलकांवर मात्र ‘बुबुळ रोपण’ असते आणि तिथे रोपण होते ते पुढच्या पारदर्शक भागाचे. तेव्हा बुडबुड्याच्या व्युत्पत्तीने हा प्रश्न सुटेल असे वाटत नाही. माझ्या मते चिन्हांचा रकाना सोडून द्यावा, कारण वेदनेच्या रकान्यावरून सगळे कळते. डोळा दुखत नसेल तर डोळे आले आहेत आणि दुखत असेल तर आत काही गंभीर आहे.

निवृत्त नेत्रतज्ज्ञ, कराड
अनघाताई, तुमच्या मैत्रिणीने योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. शब्द कोणताही घ्या, परंतु या दोन ओळी एक होता कामा नयेत, कारण त्यांचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत.

आयरायटिसमध्ये पुढचा पारदर्शक भाग बहुधा स्वच्छ असतो. गढूळ होतो तो त्यामागचा रंगीत पडदा. त्यावरची नक्षी पुसट होते, बाहुली लहान होते आणि पडदा भिंगाला चिकटला तर ती वेडीवाकडी दिसते. तीव्र काचबिंदूमध्ये पुढचा पारदर्शक भागच आरशावर वाफ धरावी तसा धुरकट होतो. बाहुली मध्यम मोठी, किंचित लंबगोल असते आणि विजेरीच्या उजेडाला दाद देत नाही. मिटलेल्या पापणीवरून दोन्ही डोळे बोटांनी हलकेच दाबून पाहिले तर दुखरा डोळा दगडासारखा घट्ट लागतो.

आता उपचाराचा रकाना पाहा. आयरायटिसमध्ये बाहुली मोठी करण्यासाठी ॲट्रोपिन घालतात, जेणेकरून ती चिकटू नये, आणि सूज उतरविण्यासाठी स्टेरॉइडचे थेंब देतात. तेच ॲट्रोपिन तीव्र काचबिंदूच्या डोळ्यात पडले तर डोळ्यातले पाणी बाहेर जाण्याची आधीच अडलेली वाट आणखी अडते. तिथे बाहुली लहान करणारे पायलोकार्पिन लागते. मात्र डोळ्यातला दाब फार वाढलेला असताना बाहुलीचा स्नायू त्याला प्रतिसाद देत नाही, म्हणून आधी ॲसिटाझोलामाइडने, आणि तेवढ्याने भागले नाही तर शिरेतून मॅनिटॉल देऊन दाब उतरवावा लागतो. निरोगी डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. अशा झटक्यात तो ४० च्या वर सहज जातो. पुढे लेझरने रंगीत पडद्याला छिद्र पाडतात आणि तेही बहुधा दोन्ही डोळ्यांत, कारण दुसऱ्या डोळ्याची ठेवणही तशीच असते.

तासगावकरांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. डोळे आले असताना रुग्ण ‘खुपते, चुरचुरते’ असे म्हणतो आणि वरील दोन आजारांत ‘ठणकते’ म्हणतो. तेव्हा त्या रकान्यात ‘वेदना आहे’ किंवा ‘नाही’ असे न लिहिता रुग्णाचे क्रियापदच लिहावे. तीव्र काचबिंदूत ठणका अर्ध्या डोक्यात जातो, उलट्या होतात आणि घरचे लोक पित्त झाले असे समजून रात्र काढतात.

ऊसवाला, वाळवा
आमच्या चुलत्यांची गोष्ट सांगतो. गेल्या हंगामात तोडणी चालू असताना त्यांच्या डोळ्याला पाचटाचा फटका बसला. डोळा लाल झाला, पण ते नुसते खुपते एवढेच म्हणत राहिले. औषधाच्या दुकानातून आणलेल्या थेंबांनी दोन दिवस लाली उतरली आणि नंतर डोळ्यात पांढरा ठिपका दिसू लागला. तुमच्या तक्त्यात हे कुठे बसते? खुपते म्हणजे डोळेच आले होते ना?

निवृत्त नेत्रतज्ज्ञ, कराड
नाही. तासगावकरांचा नियम मोडतो तो इथेच. पाचट, पाला किंवा काडी लागल्यानंतरची जखम बुरशीची असू शकते आणि बुरशीच्या जखमेत पुष्कळदा डोळ्यात जितके दिसते तितके दुखत नाही. दुकानातून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, रुग्णाला बरे वाटते आणि बुरशी मात्र आत पसरते. त्या ठिपक्याची कड पिसासारखी विस्कटलेली असते, कधी शेजारी लहान ठिपके असतात आणि तळाशी पू साचतो. फ्लुरेसीनचा रंग घालून निळ्या उजेडात पाहिले की जखम हिरवी चमकते. ही तपासणी केल्याशिवाय स्टेरॉइडला हात लावू नये. खरवडून घेतलेल्या नमुन्यात बुरशीचे तंतू दिसले, तर नॅटामायसिनचे ५ टक्क्यांचे थेंब सुरुवातीला तासातासाने घालावे लागतात आणि उपचार कित्येक आठवडे चालतो. म्हणून या ओळीत कारणाचा रकाना वेदनेच्या आधी वाचला गेला पाहिजे.

शब्दसेवक, वाई
डॉक्टरसाहेब, आपण इतके लिहिलेत, परंतु पारपटल हा शब्द एकदाही वापरला नाहीत. ‘पुढचा पारदर्शक भाग’ हा शब्द नव्हे, वर्णन आहे.

निवृत्त नेत्रतज्ज्ञ, कराड
रुग्णासमोर मी ‘काळ्या भागावरची काच’ असे म्हणत आलो, कारण पारपटल म्हटले की तो मागे वळून नातेवाइकाकडे पाहतो. तक्ता विद्यार्थिनींसाठी असल्याने तिथे पारपटल लिहिण्यास माझी हरकत नाही.

तासगावकर
‘काच’ म्हटले की आमच्याकडे लोक काचबिंदू तरी समजतील किंवा मोतीबिंदूत बसवलेले भिंग. तो शब्द तक्त्यात तरी येऊ नये.

अनघा, सांगली
चिन्हांचा एक रकाना मोडून मी पारपटल, रंगीत पडदा आणि बाहुली असे तीन रकाने केले आहेत. ‘परितारिका’ वर्गात कोणाच्याच तोंडी बसली नाही. वेदनेच्या रकान्यात खुपते आणि ठणकते ही क्रियापदे घेतली असून बुरशीच्या ओळीत ‘खुपते, कमी दुखले तरी सोडू नये’ असे लिहिले आहे. लालीसाठीही दोन नोंदी लागल्या. डोळे आले असताना लाली पापण्यांच्या बाजूला जास्त असते, बाकीच्या तिन्ही आजारांत ती मधल्या काळ्या भागाभोवती दाटते. त्या दुसऱ्या लालीला ‘बुबुळाभोवतीची लाली’ म्हणण्याचा मोह होतो, पण तोच शब्द मागच्या दाराने परत येतो आहे.

शब्दसेवक, वाई
‘परिपारपटलीय लाली’.

ऊसवाला, वाळवा
हे म्हणताना चुलत्यांचा डोळा परत दुखेल. ते असो, त्यांच्या डोळ्यात आता फूल पडले आहे. त्याची ओळ तक्त्यात घालणार का?

निवृत्त नेत्रतज्ज्ञ, कराड
फूल म्हणजे भरलेल्या जखमेचा वण. तो डोळा लाल नसतो, त्यामुळे या तक्त्यात त्याला जागा नाही. फुलाचा डोळा पुन्हा लाल झाला, तर मात्र त्याच दिवशी दाखवावा.